दोन निळ्या बॅगा आणि एकच आकडा

फेब्रुवारीतली गोष्ट. लेकीकडे दुबईला तीन आठवडे राहून मी आणि आमचे हे परत येत होतो. विमान पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी मुंबईत उतरलं. पुण्याची गाडी साडेसातला ठरलेली, त्यामुळे घाई नव्हती. इमिग्रेशन उरकून, तोंडावर पाणी मारून आम्ही सामानाच्या पट्ट्यापाशी पोचलो, तेव्हा पहिल्या बॅगा येऊन गेलेल्या होत्या. यांची काळी बॅग आली. खजुराचं खोकं आलं. माझी निळी मात्र येईना.

माझी बॅग म्हणजे गडद निळी, कडक कवचाची, चार चाकांची, सगळ्यात मोठ्या आकाराची. मॉलमधल्या सेलमध्ये घेतलेली. त्या सेलमध्ये अर्ध्या महाराष्ट्राने तीच घेतली असावी, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. खूण म्हणून मी मुठीला लाल रिबीन बांधली होती. पट्ट्यावरच्या दर चौथ्या बॅगेला लाल रिबीन होती.

सव्वासहा वाजता पट्ट्यावर मोजून तीन नग उरले: दोरीने आवळलेलं एक खोकं, लहान मुलाची ढकलगाडी आणि एक गडद निळी, चार चाकांची मोठी बॅग. "ही काय, आली की!" म्हणत यांनी ती खाली घेतली. मीही हुश्श केलं. पण माझ्या बॅगेच्या खालच्या कोपऱ्यावर एक ओरखडा आहे, गेल्या वर्षी रिक्षात घालताना पडलेला. तो इथे नव्हता. रिबीनही नव्हती, पण रिबीन तुटली असेल असं मी स्वतःला समजावत होते. शेवटी मुठीभोवतीचा पांढरा टॅग उलटून पाहिला. त्यावर छापलेलं आडनाव आमचं नव्हतं.

तिथून पुढच्या दीड तासात मी जे शिकले ते आधी माहीत असतं तर निम्मा जीव वाचला असता.

पहिली गोष्ट, आम्ही ती बॅग पुन्हा पट्ट्यावर ठेवणार होतो. ह्यांचं म्हणणं, दुसऱ्याची वस्तू, आपण कशाला हात लावायचा. पण पट्ट्यावर उरलेली ती बॅग हाच माझ्या बॅगेचा पत्ता होता. ज्याची ही मागे राहिली, त्याच्याच हातात माझी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून तिला न उघडता, न सोडता, एअरलाइनच्या माणसाला दाखवायची. दुसरं म्हणजे बाहेर पडायचं नाही. सामानाच्या तक्रारीचा काउंटर आतच असतो, कस्टम्सच्या अलीकडे. एकदा बाहेर गेलं की पुन्हा आत येणं म्हणजे पास, ओळखपत्र, फोनाफोनी. "घरी जाऊन फोन करू" हा विचार माझ्याही मनात दोनदा येऊन गेला.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. रात्रपाळीने डोळे सुजलेले, पण कामात पक्की. तिने आधी बोर्डिंग पास मागितला. त्याच्या मागे चेक-इनच्या वेळी एक चिटोरं चिकटवतात, ते आपण कधी बघतही नाही. त्यावर दहा आकड्यांचा नंबर असतो, तोच बॅगेच्या टॅगवरही असतो. त्यातले दुसरा, तिसरा आणि चौथा आकडा एअरलाइनचे, शेवटचे सहा त्या बॅगेचे. आमच्या दोघांच्या नावावर मिळून तीन चिटोरी होती. त्यातलं माझ्या बॅगेचं कुठलं हे आम्हाला सांगता येईना, तेव्हा तिने आलेल्या दोन नगांचे नंबर ताडून तिसरं वेगळं काढलं. ते चिटोरं मी विमानात चॉकलेटच्या कागदाबरोबर फेकलं असतं तर? तिने नावावरून शोधलं असतं, पण वेळ लागला असता.

मग तिने माझ्या नंबरावर आमच्या विमानातली नोंद पाहिली. बॅग दुबईत चढली होती. म्हणजे ती मागे राहिलेली नव्हती, इथे येऊन गेली होती. हा फरक तिने मला नीट समजावला. बॅग मागे राहिली असेल तर ती पुढच्या विमानाने येते, वाट बघणं एवढंच काम. बॅग येऊन गेली असेल तर माणूस शोधायचा असतो आणि तो माणूस दर मिनिटाला विमानतळापासून लांब जात असतो.

मग उरलेल्या बॅगेचा टॅग. त्यावरून प्रवाशाचं बुकिंग सापडलं, बुकिंगवरून फोन नंबर. तिने फोन लावला. नाशिकच्या एका ट्रॅव्हल एजंटाच्या ऑफिसात रिंग वाजत राहिली. एजंटाकडून तिकीट काढलं की पुष्कळदा तोच आपला नंबर घालतो, प्रवाशाचा नाही. सकाळी पावणेसातला नाशिकमधलं कुठलं ऑफिस उघडं असणार? एजंटाकडून तिकीट काढताना "माझा नंबर घाला" असं मी आता मुद्दाम सांगते.

"त्यांचा नंबर मिळाला की मला द्याल का?" मी विचारलं. "नाही मॅडम, तुमचाही त्यांना देणार नाही," ती म्हणाली. रागच आला. पण विचार केल्यावर बरोबर वाटलं.

आता तक्रार नोंदवणं आलं. तिला सगळे पीआयआर म्हणतात. हा कागद घेतल्याशिवाय कुणीही काउंटर सोडू नये, मग समोरचा माणूस कितीही गोड बोलून "आम्ही फोन करतो" म्हणू दे. त्यावर दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची, म्हणजे मुंबईसाठी BOM, पुढची दोन एअरलाइनची आणि मग पाच आकडे. हाच क्रमांक एअरलाइनच्या वेबसाइटवर घालून बॅगेचं काय झालं ते घरी बसून बघता येतं. पुढे विम्याचा दावा करायचा झाला तरी विमा कंपनी आधी हाच कागद मागते.

फॉर्म भरताना तिने माझ्यापुढे एक तक्ता ठेवला. त्यात बॅगांची चित्रं, प्रत्येकाला नंबर आणि रंगांच्या पट्ट्या. जगभर हाच तक्ता वापरतात, म्हणून शब्दांत वर्णन करत बसावं लागत नाही. मी चित्रावर बोट ठेवलं, रंगाला निळा, म्हणजे त्यांच्या भाषेत BU. मग म्हणाली, "आत काय आहे ते सांगा, पण कपडे म्हणू नका. कपडे सगळ्यांच्याच बॅगेत असतात." मी आठवून सांगितलं: हिरव्या काठाची जांभळी इरकल, लेकीने दिलेलं पितळी कॉफीचं भांडं आणि नातवाने काढलेलं हत्तीचं चित्र, गुंडाळी करून पायजम्याच्या नाडीने बांधलेलं. हत्ती लिहिताना ती पहिल्यांदा हसली. अशा तीन वस्तूंवरून बॅग कुणाची हे निर्विवाद ठरतं. बॅग भरून झाली की झाकण उघडं ठेवून एक फोटो, बंद करून दोन फोटो आणि काउंटरवर टॅग लागल्यावर त्या टॅगचा एक, असे चार फोटो आता मी न चुकता काढते. त्या दिवशी माझ्याकडे एकही नव्हता. मॉलच्या वेबसाइटवरचा फोटो दाखवावा लागला.

शेवटी दोन सह्या. एक तक्रारीवर आणि दुसरी एका पत्रावर, की माझ्या गैरहजेरीत एअरलाइनने माझी बॅग कस्टम्सला दाखवावी. सोबत पासपोर्टची प्रत आणि कुलुपाचा आकडा. "कुलुपाचा आकडा?" तिने विचारलं. मी जरा ओशाळून म्हणाले, "तीन शून्य." दुकानातून आणल्यापासून बदललाच नव्हता. याच आकड्याने पुढे गोंधळ वाढवला.

आम्ही गाडीत बसलो, लोणावळ्यापर्यंत एकमेकांशी बोललो नाही. यांच्या मते चूक माझी, पट्ट्यापाशी उशिरा पोचले म्हणून. माझ्या मते... असो.

दुपारी पावणेदोनला फोन आला. माणूस सापडला होता. नाशिकचे एक वयस्कर काका, मुलाकडून परत आलेले. गुडघ्यांमुळे त्यांनी व्हीलचेअर मागितली होती. व्हीलचेअरचे प्रवासी रांगेत थांबत नाहीत, त्यामुळे ते आमच्या बरेच आधी पट्ट्यापाशी होते. सामान उचलतो तो व्हीलचेअर ढकलणारा मदतनीस. काकांनी लांबून बोट दाखवलं, "ती निळी." त्याने निळी उचलली. टॅगचा नंबर ना त्याने पाहिला ना त्यांनी, आणि दारावरही कुणी तो ताडून बघत नाही. बाहेर पुतण्या गाडी घेऊन उभा. कसारा घाट चढून साडेदहाला घरी. थकलेले काका झोपले.

बाराच्या सुमारास सुनेने बॅग उघडायला घेतली. कुलूप तीन शून्यांवर उघडलं, कारण काकांच्या बॅगेलाही दुकानातलेच तीन शून्य होते! उघडलं नसतं तर तिथेच शंका आली असती. उघडलं म्हणून तिने वरचा टॉवेल काढला, इरकल बाहेर काढली, आणि मग घरात हलकल्लोळ. त्यांनी बॅगेत माझा नंबर शोधला. नव्हता. बाहेर नावाची चिठ्ठी नव्हती, आत कागद नव्हता. फक्त एअरलाइनचा टॅग, त्यावर आडनाव आणि नंबर. कॉल सेंटरला फोन लावून ते पाऊण तास गाणं ऐकत बसले. शेवटी एजंटाला गाठलं तेव्हा साखळी जुळली.

चुकून बॅग घेतलेल्याने काय करायचं, हे मला पुतण्याकडून कळलं. पुढे काकांनीच एअरलाइनमार्फत निरोप धाडून आमची परवानगी घेतली, मग नंबर दिले-घेतले गेले. पुतण्याचा पहिला प्रस्ताव होता, "मावशी, मी उद्या पुण्यालाच येतोय कामाला, घेऊनच येतो." मला तर तेव्हा तो देवदूतच वाटला. पण एअरलाइनने नको म्हटलं, आणि त्यात अर्थ होता. त्यांची स्वतःची बॅग मुंबईत अडकली होती. ती कस्टम्समधून सोडवायला काकांचा पासपोर्ट आणि ते स्वतः किंवा त्यांचं पत्र लागणारच होतं. शिवाय माझी बॅग माझ्या नावावर नोंदली जाऊन परत आली तरच माझी तक्रार बंद होते. वाटेत काही गहाळ झालं, तर हातोहात दिलेल्या बॅगेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न उरतो. म्हणून चूक कळली की कुलूप पुन्हा लावायचं, काढलेलं जसंच्या तसं ठेवायचं, टॅग तोडायचा नाही, एअरलाइनला कळवायचं आणि बॅग विमानतळावर त्यांच्या हाती देऊन पोच घ्यायची.

रविवार गेला. सोमवारी पुतण्या मुंबईला जाऊन बॅग देऊन, काकांची घेऊन आला. मंगळवारी रात्री नऊला कुरिअरवाला आमच्या दारात. सही मागायला लागला. मी म्हटलं, थांब बाबा. वजनकाटा काढला. दुबईत बॅग बावीस किलो भरली होती, आता एकवीस आठशे. ठीक. उघडली. इरकल होती, भांडं होतं, हत्तीची गुंडाळी होती, तीही नाडीला गाठ तशीच. कपड्यांच्या घड्या मात्र माझ्यापेक्षा सुबक. एक चाक तिरकं झालेलं दिसलं, तेव्हा कुरिअरच्या कागदावर "एक चाक मोडके" असं लिहूनच सही केली.

आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोड किंवा आतलं सामान कमी झाल्याची तक्रार बॅग हाती आल्यापासून 7 दिवसांत लेखी द्यावी लागते. उशिरा मिळाल्याची 21 दिवसांत. तोंडी सांगितलेलं धरत नाहीत. 1999 चा माँट्रियल करार याच्या मुळाशी आहे, आणि भारतही त्यात आहे. पण बॅग दुसऱ्या प्रवाशाने नेली असेल तर एअरलाइन सहसा म्हणते, आम्ही ती पट्ट्यावर आणून दिली, पुढचं आमचं नाही. त्यावर वाद घालता येतो, पण वाद घालायला हातात कागद लागतो. माणूस सापडलाच नाही, किंवा सापडून "मी नेलीच नाही" म्हणाला, तर मग विमानतळाच्या हद्दीतलं पोलीस ठाणं. सीसीटीव्ही प्रवाशाला दाखवत नाहीत, पोलिसांना दाखवतात.

आता खुणांबद्दल. यावर मी बराच विचार केला, कारण मी चुकीच्या बाजूने विचार करत होते. माझ्या बॅगेवरचा ओरखडा मला ओळखू येत होता. रिबीनही मला ओळखू येत होती. मी माझी बॅग दुसऱ्याची म्हणून कधीच उचलली नसती. पण खूण मला कळून काय उपयोग? ती काकांना कळायला हवी होती, आणि त्यांच्याहीपेक्षा त्या मदतनिसाला, दहा फुटांवरून, अर्ध्या सेकंदात. "ही आपली नव्हे" असं अनोळखी माणसाला वाटलं पाहिजे, अशी खूण हवी.

लोंबती खूण यात बसत नाही. रिबीन यंत्रांच्या पट्ट्यांत अडकून तुटते, चामड्याची नावपट्टीही तुटते. माझी रिबीन काकांपर्यंत पोचली होती की नाही कोण जाणे, परत आली तेव्हा तिचा फक्त गाठीचा तुकडा होता. प्लास्टिक गुंडाळून घेतलं तर बॅग आणखीच बाकीच्यांसारखी दिसते. मुठीलाच केलेली खूणही पुरत नाही, कारण बॅग पट्ट्यावर कशीही पडलेली असते. मूठ खाली गेली की खूण खाली गेली.

तेव्हा मी हार्डवेअरच्या दुकानातून दोन इंच रुंदीची कापडी चिकटपट्टी आणली, झेंडूच्या पिवळ्या रंगाची. कवच ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, दोन्ही रुंद बाजूंना मोठ्ठी फुली मारली, दोन्ही अरुंद बाजूंना एकेक आडवा पट्टा आणि बुडालाही एक. टोकं गोल कापली, कारण चौकोनी टोक आधी सुटतं. मुठीला खणाचा तुकडा शिवून बसवला, पण वरच्या. बाजूची मूठ टॅगसाठी मोकळी ठेवली. कापडी बॅग असेल तर चिकटपट्टी टिकत नाही, तिथे ठिगळ शिवायला हवं. यांनी बॅग बघून "सर्कशीची वाटते" म्हणून नाक मुरडलं. आमच्या रत्नागिरीच्या शेजाऱ्यांचे भाऊ आखातात होते, ते खोक्यावर जाड मार्करने चारही बाजूंना आडनाव आणि गाव लिहून आणायचे. आम्ही हसायचो. आता हसत नाही.

बाहेरच्या चिठ्ठीवर नाव आणि दोन मोबाईल नंबर, पुढे +91 सह. घरचा पत्ता लिहीत नाही. घर रिकामं आहे हे जगाला कशाला सांगायचं. आत झाकणाच्या जाळीत मोठ्या अक्षरात कागद: नाव, नंबर, ईमेल, कुठे उतरणार, आणि खाली एक ओळ, "ही बॅग चुकून आली असल्यास कृपया फोन करा." तो कागद त्या शनिवारी असता तर पावणेदोनऐवजी बाराला फोन आला असता. जुने टॅग आणि कवचावर चिकटलेले छोटे बारकोडचे स्टिकरही खरवडून काढले. यंत्राने जुना बारकोड वाचला तर बॅग भलत्याच गावाला जाऊ शकते.

लेकीने एअरटॅग पाठवला, बॅग कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती. त्यात नाण्याएवढी छोटी बॅटरी असते, म्हणून तो चेक-इनला दिलेल्या बॅगेत चालतो. पॉवर बँक मात्र तिथे चालत नाही. एअरटॅग स्वतः कुठे आहे ते सांगत नाही, जवळून जाणाऱ्या आयफोनमार्फत कळवतो. त्यामुळे विमानतळावर दर मिनिटाला हलतो आणि एखाद्या वाडीत दिवसभर गप्प बसतो. बॅग एखाद्याच्या घरात दिसली तरी तिथे स्वतः जाऊन उभं राहू नये. ती जागा काउंटरवाल्यांना दाखवावी.

कुलुपाचा आकडा बदलायला एक मिनिट लागलं. बारीक छिद्रात पिन दाबून धरायची, नवा आकडा लावायचा, सोडायची.

चाकाची तक्रार मी पाचव्या दिवशी ईमेलने, फोटो आणि पीआयआर क्रमांकासह पाठवली. उत्तर आलं की चाकं, मुठी आणि ओरखडे ही वापरातली झीज, भरपाई बसत नाही. मी पुन्हा लिहिलं. तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. चाक अजून तिरकंच आहे आणि बॅग ओढताना चीं-चीं करते.